अंडवृद्धी नव्हे, पीळ!

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात ‘अंडवृद्धी’ हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाही. हत्तीरोगाचे ठाण येथे फार जुने आहे. बांधीत साचलेले पाणी, गावाच्या कडेची गटारे, शोषखड्ड्यांचा अभाव आणि त्यावर पोसला जाणारा क्युलेक्स जातीचा डास यांमुळे या रोगाचे सूक्ष्म कृमी पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या अंगी शिरत आले. स्त्रीपुरुषांचे पाय सुजतात, तर पुरुषांच्या वृषणकोशात पाणी साचते. गावातील एखादे वृद्ध गृहस्थ दहा-पंधरा वर्षे अशी सूज घेऊन वावरत असतात, धोतराआड ती झाकतात, शेतावर जातात, लग्नकार्याला बसतात. ती दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. आरोग्य खात्याचे कर्मचारी दरवर्षी गोळ्या घेऊन दारी येतात, सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया विनामूल्य होते, तरीही ‘यंदा नको, धान निघाल्यावर पाहू’ असे म्हणत वर्षे सरतात.

या दीर्घ परिचयाचा एक विपरीत परिणाम मात्र झाला आहे. वृषणकोशाची सूज म्हटली की ती सावकाश वाढणारी, न दुखणारी आणि उद्यावर टाकता येण्याजोगी, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे. ते प्रौढांच्या बाबतीत पुष्कळदा खरे ठरते. परंतु बारा ते अठरा वर्षांच्या मुलाला रात्री एकाएकी तेथे वेदना सुरू झाल्या, तर हेच समीकरण त्या मुलाचा एक अवयव घालवून बसते. कारण तेव्हा पाणी साचलेले नसते. तेव्हा वृषणाला पीळ पडलेला असतो.

पीळ पडतो म्हणजे काय होते, हे आधी पाहू. प्रत्येक वृषण वरून येणाऱ्या एका दोरीला टांगलेले असते. या दोरीत रक्त आणणारी रोहिणी, रक्त परत नेणाऱ्या नीलांचे जाळे, मज्जातंतू आणि वीर्यवाहिनी अशा सर्व वस्तू एकत्र गुंडाळलेल्या असतात. वृषणाभोवती दोन पदरांची एक पातळ पिशवी असते. सामान्यतः ही पिशवी वृषणाला पुढून व बाजूंनी वेढते आणि मागील बाजू कोशाच्या भिंतीला चिकटलेली राहते. त्यामुळे वृषण थोडे हलले तरी गिरकी घेऊ शकत नाही. काही मुलांत मात्र ही पिशवी जन्मतःच चारही बाजूंनी वेढलेली असते. मागचा आधार नसल्याने वृषण मंदिरातील घंटेच्या लोलकाप्रमाणे मोकळे लोंबत राहते. ही ठेवण बहुधा दोन्ही बाजूंना सारखीच असते, हे पुढे उपयोगी पडणार असल्याने वाचकांनी ध्यानात ठेवावे.

असे मोकळे वृषण वयात येण्याच्या काळात झपाट्याने वाढते, त्याचे वजन वाढते. वृषणाला वर ओढणारा एक स्नायू त्या दोरीभोवती असतो. तो झोपेत, थंडीत किंवा खेळताना एकाएकी आकुंचन पावला की मोकळे वृषण दोरीभोवती फिरते. अर्धा फेरा, एक फेरा, कधी दीड ते दोन फेरेही. नीलांच्या भिंती पातळ आणि त्यांतील दाब कमी, म्हणून प्रथम त्या दबतात. रक्त आत येत राहते, परंतु बाहेर पडू शकत नाही. वृषण फुगते, टणक होते, काळसर पडते. नंतर रोहिणीही दबते आणि रक्ताचा पुरवठा थांबतो. विहिरीवरची ओली दोरी पिळावी तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच, की या दोरीतून प्राणवायू जात असतो.

तेथून पुढे घड्याळ चालू होते. वेदना सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत पीळ सोडविला गेला तर १०० पैकी ९० किंवा त्याहून अधिक मुलांचे वृषण वाचते. बारा तासांपर्यंत हे प्रमाण निम्म्यावर येते. चोवीस तास उलटल्यावर ते १०० पैकी १० च्या आसपास उरते. पीळ किती फेऱ्यांचा आहे यावर हे आकडे मागेपुढे होतात. सैल पिळात वृषण अधिक तास तग धरते, घट्ट पिळात चार तासांतही हानी होते. तथापि घरी बसून पीळ सैल आहे की घट्ट हे कोणालाच कळत नाही, म्हणून सहा तास हीच मुदत धरून चालावे लागते. या मुदतीला वाढ मिळत नाही. आणि ती रुग्णालयाच्या दारात पाय ठेवल्यापासून नव्हे, तर पहिली कळ आल्यापासून मोजली जाते.

आता गोंदिया जिल्ह्याच्या नकाशावर ही मुदत मांडून पाहू. पुढील प्रसंग कल्पित आहे, परंतु त्यातील एकही टप्पा असंभाव्य नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एक गाव, डिसेंबरची रात्र. चौदा वर्षांचा मुलगा साडेतीन वाजता कळवळून जागा होतो. त्याला एक उलटी होते. आई उठते.

“काय झालं, बाबू?”

“माय, पोट लय दुखून राह्यलं.”

आई ओवा व मीठ चावायला देते, पोट शेकते. मुलगा खोटे बोलत नाही. वृषण गर्भावस्थेत पोटातच, मूत्रपिंडाच्या जवळ तयार होते व नंतर खाली उतरते. त्याचे मज्जातंतू पोटाशीच जोडलेले राहतात. त्यामुळे वृषणाची वेदना बेंबीखाली पोटात जाणवते आणि मळमळ होते. परंतु खाली दुखत आहे व एक बाजू सुजली आहे हेही त्याला ठाऊक असते. ते मात्र तो आईला सांगू शकत नाही. पहाटे सहा वाजता गावातील खाजगी वैद्यकीय व्यावसायिकाकडे नेले जाते. तेथे पोट दाबून पाहिले जाते, वायू धरल्याचे सांगून एक इंजेक्शन दिले जाते. मुलाची चड्डी उतरवून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. इंजेक्शनाने वेदना थोडी बोथट होते आणि अर्धा-पाऊण तास बरे वाटल्याच्या भ्रमात जातो. सात वाजता वडील त्याला लघवीला नेतात तेव्हा पाय फाकून चालताना पाहून विचारतात आणि मुलगा रडत रडत सांगतो. वडिलांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘अंडवृद्धी’ हाच. सुदैवाने शेजारचे काका सोबत असतात. आपल्या भावाला ती सूज यायला सहा वर्षे लागली होती, एका रात्रीत येते ती अंडवृद्धी कशी, एवढीच शंका ते काढतात. त्या शंकेमुळे दुचाकी ग्रामीण रुग्णालयाकडे वळते.

सात वाजून चाळीस मिनिटे. चार तास दहा मिनिटे खर्ची पडली आहेत आणि त्यांतील साडेतीन तास केवळ लाजेपोटी गेले आहेत.

ग्रामीण रुग्णालयातील तरुण वैद्यकीय अधिकारी पोटदुखीची तक्रार ऐकूनही मुलाला पूर्ण तपासतात. पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक मुलग्याचे वृषण पाहिलेच पाहिजे, हा शल्यशास्त्रातील जुना दंडक आहे. डाव्या बाजूचे वृषण सुजलेले, दगडासारखे टणक आणि उजव्यापेक्षा वर चढलेले आहे. पिळामुळे दोरी आखूड होते, म्हणून ते वर जाते. मांडीच्या आतील बाजूवर बोट हलकेच ओढले तर निरोगी मुलात त्या बाजूचे वृषण चटकन वर सरकते. उजवीकडे ते सरकते, डावीकडे हालचाल नाही. ताप नाही, लघवीला जळजळ नाही.

या निरीक्षणांना गुण देण्याची एक पद्धत २०१३ पासून जगभर वापरात आहे. सूज असल्यास २, वृषण टणक असल्यास २, मांडीच्या स्पर्शाने वृषण न हलल्यास १, मळमळ वा उलटी असल्यास १ आणि वृषण वर चढले असल्यास १, एकूण ७. पाच किंवा अधिक गुण आले तर पीळ जवळजवळ निश्चित समजून सोनोग्राफीची वाटही न पाहता शल्यगृहाची तयारी करावयाची. तीन-चार गुण आले तर तातडीने सोनोग्राफी. दोन वा त्याहून कमी असतील तर अन्य कारण शोधावयाचे. या मुलाचे गुण सातपैकी सात भरतात. ही तपासणी करावयास दोन मिनिटे लागतात आणि यंत्र एकही लागत नाही.

येथे सोनोग्राफीविषयी थोडे अवांतर लिहिणे आवश्यक आहे. ‘आधी सोनोग्राफी करून या’ हे वाक्य आता खेड्यापाड्यात रुळले आहे. परंतु गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी व्हावी लागते, ते नोंदलेल्या जागीच वापरावे लागते आणि चालविणारा डॉक्टरही पात्र असावा लागतो. कायद्याचे प्रयोजन योग्यच आहे. त्याचा एक परिणाम असा, की तालुक्याच्या ठिकाणी पहाटे चार वाजता सोनोग्राफी मिळणे दुरापास्त असते. केंद्र दहाला उघडेल, डॉक्टर अकराला येतील, तोवर वेदनाशामक देऊन थांबवावे, असा सल्ला ज्याला दिला जातो त्याची मुदत केंद्राच्या बाकड्यावर बसूनच संपते. अहवाल हातात पडतो तेव्हा निदान अचूक असते आणि वृषण गेलेले असते.

आपल्या कथेतील अधिकारी तसे करीत नाहीत. ते गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविभागाला दूरध्वनी करतात. हे महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी अशा रुग्णाला बहुधा थेट नागपूर गाठावे लागे. अंतर सुमारे पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर, नवेगावच्या जंगलाकडून जाणारा रस्ता, हिवाळ्याचे धुके. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन तास घेईल. म्हणजे पोहोचेपर्यंत सहा तासांची मुदत उलटणार, हे उघड आहे. तेव्हा शल्यचिकित्सक सुचवितात की निघण्यापूर्वी हाताने पीळ सोडविण्याचा एक प्रयत्न करावा. तीनपैकी दोन मुलांत वृषण आतल्या बाजूला, म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडे वळलेले असते. म्हणून डॉक्टर मुलाच्या पायांकडे उभे राहून ते बाहेरच्या बाजूला फिरवितात, पुस्तकाचे पान उघडावे तसे. डाव्या बाजूचे वृषण असेल तर मुलाच्या डाव्या मांडीकडे. वेदना कमी झाली, वृषण खाली उतरले, तर दिशा बरोबर. वेदना वाढली तर फिरविणे थांबवून उलट दिशा धरावयाची, कारण तिसऱ्या मुलात पीळ बाहेरच्या दिशेने असतो. हे काम डॉक्टरांचेच आहे. घरी कोणी हा प्रयोग केला तर एक फेऱ्याचा पीळ दोन फेऱ्यांचा होण्याचा संभव असतो.

आठ वाजता वेदना बरीच कमी होते. मुलगा प्रथमच पाय सरळ करतो. वडिलांना वाटते, बरे झाले, आता घरी न्यावे. अधिकारी नकार देतात, मुलाला पाणीही द्यायचे नाही असे बजावतात, कारण पोट रिकामे असल्याखेरीज भूल देणे धोक्याचे असते. आठ वाजून दहा मिनिटांनी रुग्णवाहिका निघते.

दहा वाजून दहा मिनिटांनी गोंदिया. शल्यगृह तयार होत असतानाच, त्या मधल्या वेळात, सोनोग्राफी होते. शल्यक्रियेला तिच्यासाठी थांबविलेले नाही, हा मुद्दा महत्त्वाचा. वृषणकोशाखाली टॉवेलची घडी ठेवून त्याला आधार दिला जातो, कोमट जेल लावले जाते आणि उथळ भाग स्पष्ट दाखविणारा सपाट तोंडाचा प्रोब वापरला जातो. जाणकार क्ष-किरणतज्ज्ञ प्रारंभ दुखऱ्या बाजूपासून करीत नाहीत, निरोगी बाजूपासून करतात. कारण वृषणातील रक्ताचा प्रवाह मुळातच मंद असतो, लहान मुलांत तर फारच. यंत्राची मांडणी वेगवान प्रवाहासाठी असेल तर निरोगी वृषणातही रंग दिसणार नाही. म्हणून उजव्या वृषणात रंग नीट दिसेपर्यंत यंत्र मंद प्रवाहासाठी जुळवावयाचे आणि ती जुळणी न बदलता डावीकडे जावयाचे. तेथे रंग नाही दिसला तर तो खरोखरच नाही.

या मुलाच्या डाव्या वृषणात रंग दिसतो, परंतु क्षीण. उजवीकडे भरपूर ठिपके, डावीकडे मोजके. अननुभवी नजर येथे फसते. ‘रक्तपुरवठा आहे’ असा अहवाल लिहिला जातो आणि पिळाची शक्यता बाजूला पडते. वास्तविक अर्धवट पिळात रोहिणी पूर्ण दबत नाही, केवळ नीला दबतात. थोडा रंग दिसत राहतो. एखादा पीळ आपोआप सुटलेला असेल तर रक्ताचा लोंढा परत येऊन रंग उलट वाढलेला दिसतो आणि तो जंतुसंसर्गाप्रमाणे भासतो. म्हणून तज्ज्ञ वृषणावर न थांबता वर दोरीकडे जातात. दोरी सरळ उतरत असेल तर ती समांतर रेघांसारखी दिसते. पीळ असेल तर एका जागी ती गोगलगायीच्या शंखाप्रमाणे, पाण्यातील भोवऱ्याप्रमाणे गोल गोल दिसते. ही खूण डाव्या बाजूला आहे. हाताने सोडविलेला पीळ काही अंशी राहिला आहे.

त्याच पडद्यावर वृषणाभोवती पाण्याची एक पातळ काळी कडही दिसते आणि अहवालात ओळ येते: ‘डावीकडे अल्प प्रमाणात हायड्रोसील’. वडील तो शब्द ऐकतात व पुन्हा म्हणतात, “म्हणजे अंडवृद्धीच ना, साहेब?” हा प्रश्न या जिल्ह्यात वारंवार विचारला जाणार, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यावयास हवे.

हायड्रोसील म्हणजे वृषणाभोवतीच्या दोन पदरांमध्ये साचलेले पाणी. सोनोग्राफीत पाणी काळे दिसते. हा एक आढळ आहे, निदान नव्हे. पीळ, मार, संसर्ग, यांपैकी कशानेही वृषण दुखावले की प्रतिक्रिया म्हणून थोडे पाणी सुटते. ते मूळ रोगाचा मागोवा असते. हत्तीरोगातील हायड्रोसील वेगळे. त्यात पाणी शेकडो मिलिलिटर असू शकते, त्या काळ्या पाण्यात वृषण मागील बाजूला टेकून शांत बसलेले असते आणि त्याचा रक्तप्रवाह सहसा उत्तम असतो. रोगाच्या सक्रिय अवस्थेत तर सोनोग्राफीत एक विलक्षण दृश्य दिसते: वृषणकोशाच्या फुगलेल्या लसिकावाहिनीत जिवंत कृमी सतत वळवळताना दिसतात. ब्राझीलमधील रेसिफे शहरातील संशोधकांनी १९९४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘फायलेरिया नृत्य’ असे नाव पडले. गोळ्यांनी रक्तातील सूक्ष्म कृमी नाहीसे होतात, संसर्गाची साखळी तुटते, परंतु एकदा साचलेले मोठे हायड्रोसील गोळ्यांनी ओसरत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते. सुईने पाणी काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो, पण पाणी पुन्हा भरते आणि जंतू शिरण्याची भीती राहते. ती शस्त्रक्रिया मात्र धान निघाल्यावर केली तरी चालते. नवजात अर्भकातील हायड्रोसीलचे तर बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप शोषण होते.

अहवालात वारंवार येणारा दुसरा शब्द व्हेरिकोसील. रक्त परत नेणाऱ्या नीला फुगून वेटोळे होणे, असा त्याचा अर्थ. दर शंभर प्रौढ पुरुषांत सुमारे पंधरांना तो असतो आणि बहुतेकांचा डावीकडे. कारण डावी नीला लांब असून मूत्रपिंडाच्या नीलेला काटकोनात मिळते, त्यामुळे रक्ताच्या स्तंभाचा भार तिच्यावर अधिक. उभे राहून श्वास रोखून कुंथल्यावर नीलेची रुंदी ३ मिलिमीटरहून वाढली व रक्त उलटे वाहताना दिसले, तर हा शब्द लिहिला जातो. त्याने फार तर जडपणा वाटतो, सायंकाळी बोथट दुखते, आडवे झाल्यावर बरे वाटते. अपत्यहीन दांपत्यांत पतीची तपासणी करताना तो अनेकदा सापडतो व तेव्हा त्याचा विचार शांतपणे करावयाचा असतो. एकच अपवाद लक्षात असावा: केवळ उजव्या बाजूला किंवा उतारवयात नव्याने उद्भवलेला आणि आडवे झाल्यावरही न ओसरणारा व्हेरिकोसील दिसला, तर पोटात नीलेवर दाब देणारी गाठ नाही ना, हे पाहिले पाहिजे. यांतले काहीच रात्री साडेतीन वाजता झोपेतून उठवीत नाही.

गोंदियात शल्यचिकित्सक वडिलांना कागदावर दोन चित्रे काढून दाखवितात. एक पाण्यात बसलेले वृषण, दुसरे पिळलेल्या दोरीचे. “अंडवृद्धीला वर्ष चालते, याला तास चालत नाही,” असे म्हणतात आणि संमतिपत्र पुढे ठेवतात. त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: पीळ सोडविणे, वृषण निर्जीव आढळल्यास काढून टाकणे, आणि दुसऱ्या निरोगी बाजूचे वृषणही शिवून ठेवणे. तिसऱ्या गोष्टीवर वडील अडखळतात. चांगल्या बाजूला सुरी का लावायची? येथे आरंभी सांगितलेली घंटेच्या लोलकाची ठेवण उपयोगी पडते. ती दोन्हीकडे असते. आज डावे पिळले, उद्या उजवे पिळू शकेल, आणि तेव्हा पर्याय उरणार नाही. वडील सही करतात.

सव्वाअकरा वाजता, म्हणजे पहिल्या कळेनंतर पावणेआठ तासांनी, वृषण उघडे पडते. रंग जांभळट. दोरीत अर्धा फेरा शिल्लक आहे. तो सोडवून वृषण कोमट सलाइनमध्ये भिजविलेल्या कापडात गुंडाळून ठेवले जाते आणि दहा-पंधरा मिनिटे काहीही न करता थांबले जाते. शल्यगृहातील हा सर्वांत कसोटीचा काळ, कारण घाईने काढलेले वृषण कदाचित वाचणारे असू शकते. कापड उघडल्यावर जांभळा रंग गुलाबीकडे झुकला आहे. वेष्टनाला बारीक छेद देऊन पाहिल्यावर लालभडक रक्त येते. काळे रक्त आले असते किंवा काहीच आले नसते तर ते काढावे लागले असते. मग दोन्ही बाजूंची वृषणे न विरघळणाऱ्या धाग्याने प्रत्येकी तीन ठिकाणी कोशाच्या भिंतीला शिवली जातात. ही शस्त्रक्रिया कोणताही सामान्य शल्यचिकित्सक करू शकतो; त्यासाठी मूत्रविकारतज्ज्ञ शोधत नागपूरपर्यंत जाण्यात दोन-अडीच तास अधिक घालविणे परवडण्यासारखे नसते.

हाताने केलेल्या प्रयत्नाचे महत्त्व येथे दिसून येते. पूर्ण पीळ राहिला असता तर पावणेआठ तासांचा हिशेब बहुधा तोट्यात गेला असता. आठ वाजता तो सैल झाला, थोडे रक्त चालू राहिले, म्हणूनच सोनोग्राफीत तो क्षीण रंग दिसला. आणि त्या क्षीण रंगावर विसंबून कोणी शल्यक्रिया पुढे ढकलली असती, तर उरलेल्या अर्ध्या फेऱ्याने पुढच्या काही तासांत काम पूर्ण केले असते.

चुकीच्या दिशेने होणारी फसगत आणखी एका ठिकाणी आढळते. वृषणाला लागून असलेल्या नळीला सूज येते, तेव्हाही कोश लाल होतो व दुखतो. प्रौढांत हे कारण अधिक असते. त्यात वेदना एक-दोन दिवसांत हळूहळू वाढते, ताप असतो, लघवीला जळजळ होते आणि सोनोग्राफीत रंग वाढलेला दिसतो. किशोरवयीन मुलाला तपासणीवाचून हेच निदान चिकटवून पाच दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्या देऊन घरी पाठविले जाते, तेव्हा पीळ सुटत नाही, फक्त लपतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांत वृषणाच्या टोकावरील मोहरीएवढा निरुपयोगी अंकुर पिळतो आणि तोही दुखतो. त्याला विश्रांती पुरते, परंतु तो निर्णय डॉक्टरांनी पाहून घ्यावयाचा. ज्या मुलाचे वृषण कोशात उतरलेलेच नाही त्यालाही पीळ पडू शकतो. तेव्हा जांघेत दुखते व कोश रिकामा असतो. आणि ज्याला पूर्वी दोन-तीन वेळा अशी तीव्र कळ येऊन अर्ध्या तासात आपोआप गेली आहे, त्याने ती गेली म्हणून निश्चिंत राहू नये. ती पिळाची येजा असण्याचा दाट संभव आहे. अशा मुलाला दुखत नसतानाच शल्यचिकित्सकाकडे नेऊन दोन्ही बाजू शिवून घेतल्या, तर पुढची रात्रीची धावपळ टळते.

ज्यांचे वृषण वाचत नाही त्यांच्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण कुटुंबात त्या गोष्टीची फार भीती असते. एक निरोगी वृषण पुरुषी संप्रेरके पुरेशी निर्माण करते; दाढीमिशा, आवाज, उंची यांत फरक पडत नाही आणि बहुतेकांना पुढे अपत्येही होतात. तथापि त्याच्याजवळ राखीव काहीच उरत नाही. क्रिकेट, कबड्डी खेळताना त्याने संरक्षक कप वापरणे आवश्यक ठरते.

आपल्या कथेतील मुलगा तिसऱ्या दिवशी घरी जातो. टाके आपोआप विरघळणारे असतात. आतील शिवण मात्र कायमची राहते. महिनाभर सायकल व खेळ बंद. सहा महिन्यांनी त्याला पुन्हा सोनोग्राफीसाठी बोलावलेले असते, कारण वाचलेले वृषणही कधी कधी हळूहळू आक्रसते आणि ते डोळ्यांना दिसत नाही, मोजावे लागते. लांबी, रुंदी व जाडी यांच्या गुणाकाराला ०.७१ ने गुणून आकारमान काढले जाते. त्या दिवशीच्या अहवालात उजवे १२ मिलिलिटर, डावे ११ मिलिलिटर, दोन्हीकडे रक्तप्रवाह समान, पाणी नाही, असे लिहिलेले असते. वडील कागद घडी घालून खिशात ठेवतात आणि दुपारची गाडी धरायला गोंदिया स्थानकाकडे निघतात.